बीपी, थायरॉईड आणि कॉर्टिसॉल: रिपोर्टमधला ‘कमी’ आकडा काय सांगतो?

वाचकाचे पत्र

माझे वय ४१, काम बैठे. गेल्या वर्षभरात वजन नऊ किलो वाढले, चेहरा गोल झाला आणि दोन गोळ्या घेऊनही बीपी १५८/९४ च्या आसपास राहतो. नाडी ८८ असते. टीएसएच ६.८ आला. नेटवर वाचून मी स्वतःहून सकाळी आठ वाजता कॉर्टिसॉल तपासून घेतले, तर ते १.४ म्हणजे कमी आले. त्यामुळे कॉर्टिसॉल वाढलेले नाही, सगळे थायरॉईडमुळेच आहे, असे मी धरून चालले आहे. थायरॉईडची गोळी सुरू केली की बीपीच्या गोळ्या सुटतील का? कंबर आणि गुडघ्यांसाठी वर्षभर गावाकडच्या एका वैद्यांच्या पुड्या घेते. फार गुण आला. आयुर्वेदिक असल्यामुळे डॉक्टरांना ते सांगितले नाही. आता औषधे फार झाली, म्हणून सोमवारपासून त्या पुड्या बंद करणार आहे.

उत्तर

सर्वप्रथम सोमवारचा बेत रद्द करा. पुड्या एकदम बंद करू नका आणि थायरॉईडची गोळीही अजून सुरू करू नका. येत्या एक-दोन दिवसांत, उरलेल्या पुड्या आणि सगळे रिपोर्ट बरोबर घेऊन, एखाद्या फिजिशियनला किंवा शक्य असल्यास एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या विकारांच्या तज्ज्ञाला, भेटा. इतकी घाई का, हे पुढे सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा टीएसएचचा, म्हणजे थायरॉईड मंदावले की वाढणाऱ्या हार्मोनचा नाही, कॉर्टिसॉलचा आहे, आणि त्याचा तुम्ही लावलेला अर्थ नेमका उलटा असण्याची शक्यता आहे. कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी तयार करतात आणि त्यांना हुकूम देते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी. रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल असले की पिट्युटरी हुकूम थांबवते. गच्चीवरची टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हावी, तसे. आता टाकीत बाहेरून टँकरने पाणी भरले तरी मोटार बंदच राहणार. बाहेरून कॉर्टिसॉलसारखे काम करणारे स्टेरॉईड पोटात जात असेल, तर शरीराला ते भरपूर मिळत असते, पण आपल्या ग्रंथी स्वतः काहीच तयार करत नाहीत. प्रयोगशाळा मोजते ते शरीराने तयार केलेले कॉर्टिसॉल. डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉईड त्या मोजणीत जवळजवळ येतच नाही. त्यामुळे रिपोर्टवर ‘कमी’ असा शिक्का बसतो आणि आरशात मात्र कॉर्टिसॉल जास्त झालेला चेहरा दिसतो.

सकाळी आठच्या सुमाराला निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात असते, कारण त्याची दिवसातली सर्वांत वरची पातळी हीच. त्या वेळी १.४ येणे म्हणजे ग्रंथी झोपलेल्या आहेत. वजन वाढलेले, चेहरा गोल, बीपी चढा आणि कॉर्टिसॉल तळाला, ही चारही चिन्हे एका माणसात एकत्र दिसली, की पहिला प्रश्न ‘हा माणूस बाहेरून काय घेतो?’ असाच विचारायचा असतो. तुम्ही तो प्रश्न कुणी विचारण्याआधीच पत्राच्या शेवटी त्याचे संभाव्य उत्तर लिहिले आहे.

मी ती पुडी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्यात स्टेरॉईड आहेच असे म्हणणार नाही. आयुर्वेदावर किंवा सरसकट वैद्यांवरही माझा रोख नाही. परंतु सांधेदुखी आणि दम्याच्या बिनलेबलाच्या पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेले सापडल्याचे आपल्याकडच्या डॉक्टरांना चांगलेच परिचयाचे आहे. अशा औषधाची एक खूण रुग्ण स्वतः सांगतात: दोन-तीन दिवसांतच दुखणे पळाले, भूक खवळली, अंगात तरतरी आली, आणि एखाद्या दिवशी पुडी चुकली तर अंग पार गळून गेले. तुम्हाला आलेला ‘फार गुण’ या वर्णनात बसतो का, हे आठवून पाहा. पुडीत घटकद्रव्ये, बॅच क्रमांक किंवा उत्पादकाचा परवाना क्रमांक लिहिलेला नसेल, तर ‘आयुर्वेदिक’ या शब्दाला तपासता येईल असा कोणताच आधार उरत नाही.

आता बंद करण्याच्या धोक्याबद्दल. वर्षभर बाहेरून स्टेरॉईड मिळालेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आकसतात आणि पुन्हा कामाला लागायला त्यांना कित्येक आठवडे, काही वेळा महिने लागतात. सोमवारी पुडी थांबली आणि बुधवारी ताप किंवा जुलाब झाले, तर शरीराला लागणारे जादा कॉर्टिसॉल देणारे कुणीच नसते. मळमळ, उलट्या, पोटात दुखणे, उभे राहिल्यावर चक्कर, बीपी एकदम खाली जाणे आणि ग्लानी, अशी ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून पुड्या थांबवायच्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली: त्याच दिवशी पुडीच्या जागी मात्रा माहीत असलेली स्टेरॉईडची गोळी सुरू करायची आणि ती पुढे हळूहळू कमी करत न्यायची. ‘स्टेरॉईडपासून सुटायला आलो आणि डॉक्टरांनी स्टेरॉईडच लिहून दिले’ अशी तक्रार मग घरचे करतात. पण अज्ञात मात्रेवरून ज्ञात मात्रेवर येणे हीच सुटण्याची पहिली पायरी आहे.

थायरॉईडची गोळी थांबवून ठेवायला सांगितली, त्याचे कारणही हेच. थायरॉक्सिन सुरू केले की शरीर कॉर्टिसॉल अधिक वेगाने खर्च करते. ग्रंथी झोपलेल्या असताना आधी थायरॉक्सिन दिले, तर कॉर्टिसॉलचा तुटवडा उघड्यावर येऊ शकतो. म्हणून दोन्ही प्रश्न एकाच माणसात असतील, तर आधी कॉर्टिसॉलची बाजू सांभाळायची आणि मग थायरॉईडची, हा क्रम उलटवू नये.

तुमचे आकडे थायरॉईडच्या अंगाने पाहू. थायरॉईडचे काम मंदावले की बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाचा वेग उतरतो. त्यामुळे बहुधा खालचा बीपी वाढतो, वरचा फारसा वाढत नाही आणि दोहोंतले अंतर कमी होते. म्हणजे १३८/१००, नाडी ५८, असे काहीसे चित्र. जोडीला थंडी सोसत नाही, शौचाला साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, आवाज जड होतो, पाळीत रक्तस्राव जास्त होतो आणि कोलेस्टेरॉल कारण नसताना चढते. तुमच्या बीपीतले अंतर ६४ आहे आणि नाडी ८८. हे मंद थायरॉईडचे चित्र नाही. एवढ्यावरून थायरॉईड निर्दोष ठरत नाही, पण ६.८ टीएसएच हे दोन गोळ्यांनाही न जुमानणाऱ्या बीपीचे एकमेव कारण असेल, हे मला पटत नाही.

तसेही ६.८ हा एकच आकडा आहे. बहुतेक प्रयोगशाळांत टीएसएचची वरची मर्यादा ४ ते ५ च्या दरम्यान असते, आणि किंचित वाढलेला टीएसएच आजारपणानंतर किंवा नुसत्या चढउतारानेही दिसतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टीएसएच, त्याच नमुन्यात फ्री टी४, म्हणजे थायरॉईडने तयार केलेले हार्मोन, आणि एकदा थायरॉईडविरोधी प्रतिपिंडांची, म्हणजे अँटी-टीपीओ, तपासणी करावी. फ्री टी४ कमी असेल किंवा टीएसएच १० च्या वर टिकून असेल, तर गोळीची गरज सहसा ठरते. त्या मधल्या पट्ट्यात वय, लक्षणे आणि गर्भधारणेचा विचार पाहून निर्णय घेतात. या तपासणीला उपाशीपोटी जाण्याची सक्ती नसते. एक सावधगिरी मात्र पाळावी: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर निदान दोन दिवस आधी थांबवा. काही यंत्रपद्धतींमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटे जास्त दिसते, आणि नसलेला आजार रिपोर्टवर उमटतो.

थायरॉईड जास्त काम करत असेल तर चित्र उलटे होते. वरचा बीपी चढतो, खालचा उतरतो, नाडी धावते. १६०/६२, नाडी १०८, असे. भूक असूनही वजन घटते, हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. वयस्कर माणसांत काही वेळा यातले फारसे काही दिसत नाही आणि फक्त नाडी अनियमित लागते, तेवढी एक खूण हातात असते. थायरॉईडची गोळी गरजेपेक्षा जास्त घेणाऱ्यांमध्येही असेच होते. वजन उतरवण्यासाठी ‘थोडी थायरॉईडची गोळी’ घेणारे लोक मला अधूनमधून भेटतात, म्हणून हे आवर्जून लिहिले. येथेही पहिली तपासणी टीएसएचचीच. तो फार खाली असेल तर फ्री टी४ आणि टी३ पुढची.

आता कॉर्टिसॉलकडे वळतो. ‘टेन्शनमुळे कॉर्टिसॉल वाढते, म्हणून बीपी वाढतो’ हे वाक्य आजकाल सगळीकडे ऐकू येते. ताणाने कॉर्टिसॉल तात्पुरते वर जाते हे खरे, पण ज्याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात त्या आजारात ते रात्रंदिवस जास्त राहते आणि शरीराची घडण बदलून टाकते. अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९१२ मध्ये अशा एका तरुणीचे वर्णन लिहिले आणि १९३२ मध्ये पिट्युटरीच्या बारीक गाठीशी त्याचा संबंध जोडला. बीपी चढतो तो मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे रक्तवाहिन्या अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांना जास्त प्रतिसाद देऊ लागतात. दुसरे असे की मूत्रपिंडातले एक एन्झाइम कॉर्टिसॉलला एरवी निष्प्रभ करते, पण लोंढा मोठा असला की ते अपुरे पडते; मग कॉर्टिसॉल तेथे मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. म्हणून बीपीबरोबर कमी पोटॅशियम दिसले, तर हार्मोनचा विचार करावा. पोटॅशियम नेहमीसारखे आहे म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये, कारण डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉईडने बीपी वाढतो तेव्हा पोटॅशियम बहुधा जागेवरच असते.

वजन, गोल चेहरा, पाळीची अनियमितता, उदासी, ही लक्षणे इतकी सर्रास आढळतात की त्यावरून काही ठरत नाही. ज्या खुणांना अधिक वजन द्यावे, त्या वेगळ्या आहेत. पोटावर, मांड्यांवर किंवा काखेत जांभळट आणि सेंटिमीटरभराहून रुंद पट्टे. बाळंतपणानंतरच्या पांढुरक्या बारीक रेषांशी त्यांची गल्लत करू नये. कुठे आपटल्याचे आठवतही नाही, तरी दंडावर काळेनिळे डाग. चेहऱ्यावर कायमची लाली. आणि दंड-मांड्यांच्या स्नायूंचा अशक्तपणा, जो चालताना नव्हे, उठताना कळतो. हात न टेकता खुर्चीतून किंवा उकिडवे बसलेले असताना उठून पाहा. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर डबा ठेवताना हात अर्ध्यावर थांबतो का, तेही पाहा. कमी वयात हाड मोडणे आणि अचानक सुरू झालेला मधुमेह याही जड खुणा आहेत. लहान मुलांत एक खूण फार बोलकी असते: वजन वाढते आणि उंची थांबते. साधा लठ्ठपणा असलेली मुले सहसा उंचही होत असतात.

ज्या वाचकांमध्ये अशा खुणा आहेत, पण बाहेरून कोणतेही स्टेरॉईड जात नाही, त्यांच्यासाठीच पुढच्या तपासण्या आहेत. ‘बाहेरून’ या शब्दाची व्याप्ती मोठी ठेवा. सांध्यात घेतलेली इंजेक्शने, दम्याचा पंप, नाकाचा फवारा आणि विशेषतः त्वचेची मलमे. गजकर्णासाठी औषध दुकानातून आणलेल्या तीन औषधांच्या मिश्र ट्यूबमध्ये आणि ‘गोरे करणाऱ्या’ क्रीममध्ये तीव्र स्टेरॉईड असते, हे ट्यूबवर छापलेले असूनही कुणी वाचत नाही. अनेक महिने मोठ्या भागावर चोळलेले क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉईड रक्तात उतरते.

सकाळचे साधे कॉर्टिसॉल ही त्याच्या वाढीची तपासणी नव्हे. कुशिंगच्या रुग्णातही ते सकाळी ‘नॉर्मल’ येऊ शकते, कारण त्याचा बिघाड सकाळी नसून रात्री असतो: मध्यरात्री जे तळाला जायला हवे ते खाली येत नाही. म्हणून पहिल्या तपासण्या तीन, आणि त्यांतली सर्वांत सोपी म्हणजे रात्रीच्या एका मात्रेची डेक्सामेथासोन तपासणी. रात्री ११ ते १२ च्या दरम्यान १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्त द्यायचे. ग्रंथींचे नियंत्रण शाबूत असेल तर कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाते. आपल्याकडे अर्धा मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, म्हणजे दोन गोळ्या. औषध दुकानदाराने ४ मिलिग्रॅमची दिली तर चाचणीच बिघडते, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचूनच गोळी घ्या.

ही चाचणी खोटी सकारात्मक येण्याची कारणे आपल्याकडे पुष्कळ आहेत. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन, फिट्ससाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल, तर यकृत डेक्सामेथासोन रातोरात संपवून टाकते आणि कॉर्टिसॉल उतरत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांतले इस्ट्रोजेन रक्तातले कॉर्टिसॉल वाहून नेणारे प्रथिन वाढवते, त्यामुळे आकडा फुगतो; त्या सुमारे सहा आठवडे आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्या लागतात. अनियंत्रित मधुमेह, तीव्र नैराश्य आणि मद्यपान यांनीही निकाल बदलतो. तेव्हा दुसरी तपासणी उपयोगी पडते, ती म्हणजे झोपायच्या वेळी, साधारण रात्री ११ ला, तोंडातल्या लाळेतले कॉर्टिसॉल, दोन वेगवेगळ्या रात्री. रात्रपाळी करणाऱ्यांना मात्र ती चालत नाही. तिसरी, २४ तासांच्या लघवीतले फ्री कॉर्टिसॉल, तीही दोनदा. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि तेव्हापासून दुसऱ्या सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची प्रत्येक वेळची डब्यात जमा करायची. अर्धा दिवस विसरलेल्या डब्याचा रिपोर्ट फसवा असतो, आणि मूत्रपिंडे कमी काम करत असतील तर पूर्ण जमवूनही आकडा खोटा कमी येऊ शकतो. एकच आकडा थोडा वर आला म्हणून निदान होत नाही. दोन वेगळ्या तपासण्या एकाच दिशेने गेल्या पाहिजेत.

एमआरआय आणि सीटी स्कॅन त्यानंतरच करावेत, आणि त्याही आधी एसीटीएच हे अ‍ॅड्रिनलला हुकूम देणारे पिट्युटरीचे हार्मोन मोजावे. घाईने स्कॅन करणाऱ्यांची फसगत होते, कारण निरुपद्रवी बारीक गाठी पिट्युटरीत आणि अ‍ॅड्रिनलमध्ये कितीतरी निरोगी लोकांत असतात. आधी गाठ दिसली की तीच गुन्हेगार ठरते. बीपी आणि वजन वाढलेल्या प्रत्येकाने ही वाट धरावी असेही नाही. शरीरातूनच उद्भवणारे कुशिंग फार विरळ आहे, दहा लाखांमागे वर्षाला दोन-तीन नवे रुग्ण. स्टेरॉईडमुळे होणारे त्याहून कितीतरी जास्त.

तुम्हाला स्वतःला डेक्सामेथासोन चाचणीची गरज आत्ता दिसत नाही. सकाळचे १.४ हे अगोदरच दबलेले कॉर्टिसॉल आहे. तुमच्यासाठी डॉक्टरांकडे मागायच्या गोष्टी थोड्या आहेत: सकाळी ८ वाजता, त्या दिवशीची पुडी घेण्याआधी, कॉर्टिसॉल पुन्हा आणि सोबत एसीटीएच, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर आणि एचबीएवनसी. एसीटीएचही कमी आले तर बाहेरचे स्टेरॉईड ही शंका पक्की होत जाते. एक अडचण लक्षात ठेवा: पुडीत प्रेडनिसोलोन असेल, तर काही यंत्रे त्यालाच कॉर्टिसॉल समजून मोजतात आणि आकडा फसवा जास्त येतो, म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा पुडीची माहिती महत्त्वाची. काही प्रयोगशाळा पुडीतले स्टेरॉईड ओळखून देतात आणि भेसळीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, पण उपचार त्यासाठी थांबवू नयेत.

बीपीचे मोजमापही एकदा तपासून घ्या. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा वाढीव येतो. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, आठवडाभर मोजा आणि पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या वर सरासरी असेल तर तो वाढलेला बीपी. चालू गोळ्या त्यावरून स्वतः कमी-जास्त करू नका. स्टेरॉईड उतरत जाईल तसा बीपीही बऱ्याच जणांत उतरतो, तेव्हा गोळ्यांची मात्रा कमी करण्याची वेळ येऊ शकते, पण तुमच्या त्या सुटतीलच असे वचन कुणी देऊ नये.

पुढचे काही महिने पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर ‘दीर्घकाळ स्टेरॉईड घेतल्याची शंका, अ‍ॅड्रिनल कमजोर असू शकतात’ असे लिहा आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी व तिची मात्रा लिहा. दात काढणे, शस्त्रक्रिया, अपघात, ताप किंवा उलट्या, यांपैकी काहीही झाले तर समोरच्या डॉक्टरांना ती चिठ्ठी आधी दाखवायची, कारण अशा वेळी मात्रा वाढवावी लागते. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल, तर घरी थांबू नका. हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन देऊ शकेल अशा जवळच्या रुग्णालयात लगेच जा.